मदत हवी आहे : सेल १.३४ व्होल्ट दाखवतो, तरीही घड्याळ मागे का पडते?

माहुली_संगम (सातारा)

माझ्या मनगटी घड्याळाचा सेल गेल्या मार्चमध्ये बसस्थानकाजवळच्या एका दुकानात बदलून घेतला. आता सातच महिने झाले आहेत आणि घड्याळ रोज सकाळी पाच-सात मिनिटे मागे पडलेले दिसते. सेल काढून मल्टिमीटरवर तपासला, तर १.३४ व्होल्ट भरतो, म्हणजे तो मेलेला नाही. त्याच्या आधीचा सेल तीन वर्षांहून अधिक काळ चालला होता. बंद पडण्याच्या आठ-दहा दिवस आधी मी सहज तपासला तेव्हा तो १.५५ दाखवत होता, आणि पुढच्याच आठवड्यात घड्याळ थांबले. जो सेल भरलेला दिसत होता तो एकाएकी गेला, आणि जो अजून जिवंत आहे तो घड्याळ नीट चालवत नाही, हे मला समजत नाही. कृपया घड्याळ सर्व्हिसिंगला टाकण्याचा सल्ला देऊ नये, तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

अजिंक्यतारा

सर्व्हिसिंगच करावे लागेल. यंत्रातील तेल वाळले की असे होते. सेलमध्ये काही फरक नसतो. एक १.५ व्होल्टचा आणि दुसरा १.५५ चा, एवढ्या पाच शतांश व्होल्टने काय बिघडणार?

कृष्णाकाठ (सांगली, घड्याळ दुरुस्ती)

अजिंक्यतारा, तेल वाळणे हे कारण असू शकते, परंतु सेलवरचा क्रमांक पाहिल्याशिवाय आपण त्यावर पैज लावू नये.

माहुली_संगम, तुम्ही तीन गोष्टी सांगितलेल्या नाहीत. सेलच्या पाठीवर नेमके काय कोरलेले आहे? घड्याळात तारीख किंवा वार आहे काय? आणि सेकंदाचा काटा प्रत्येक सेकंदाला सरकतो, की मध्ये थांबून दोन घरे एकदम उडी मारतो?

मेणवली

माझ्या वडिलांच्या श्रवणयंत्राचे बटणसेलही १.४ व्होल्टचे असतात आणि आठवडाभरात संपतात. त्यांच्यावरची चिकटपट्टी काढल्यावर ते हवेने सुरू होतात, त्यामुळे पट्टी काढून पाच मिनिटे थांबावे असे आम्हाला सांगितले होते. तुम्ही तसे केले होते काय?

कृष्णाकाठ

मेणवली, ते झिंक-एअर जातीचे सेल आहेत. घड्याळाच्या सेलला पट्टी नसते आणि हवेचे छिद्रही नसते.

माहुली_संगम

सेलवर ए जी ४ असे आहे. दुकानदाराच्या दहा सेलच्या पट्टीवर त्याच ओळीत एल आर ६२६ आणि ३७७ ए असेही छापलेले होते. जुन्या सेलवर ३७७ होते, म्हणून तोच आहे असे मी समजलो. तारीख आणि वार दोन्ही आहेत. काटा साधारण जुलैपासून दोन-दोन सेकंदांनी उडतो आहे. तो सैल झाला असावा असे वाटल्यामुळे मी ते लिहिले नव्हते.

कृष्णाकाठ

तुमचे उत्तर त्या "ए" मध्ये आहे. तुमचा जुना सेल ३७७, म्हणजे एस आर ६२६ एस डब्ल्यू, हा सिल्व्हर ऑक्साइडचा होता. ३७७ ए हा आकाराने तंतोतंत तसाच, ६.८ मिलिमीटर रुंद आणि २.६ मिलिमीटर जाड, पण अल्कलाइन आहे. "एस आर" म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड आणि "एल आर" म्हणजे अल्कलाइन, एवढे लक्षात ठेवावे. ए जी हे चांदीचे रासायनिक चिन्ह, म्हणून ए जी ४ ही अक्षरे चांदीची वाटली तरी त्या पट्टीत चांदी नसते.

काटा सैल झालेला नाही. सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरावीक पातळीखाली गेला की अनेक यंत्रणा मालकाला इशारा म्हणून काटा दोन किंवा चार सेकंदांनी उडवतात. घड्याळ त्या काळातही वेळ बरोबर दाखवते. सिल्व्हर ऑक्साइडच्या सेलवर हा इशारा अगदी शेवटी, काही दिवस किंवा काही आठवडे आधी मिळतो. अल्कलाइनवर तो कित्येक महिने आधीच सुरू होतो, कारण त्याचा दाब पहिल्या दिवसापासून उतरत असतो.

मिनिटे रात्रीच का जातात, तेही सांगतो. साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान मोटरला काट्यांबरोबर तारखेची आणि वाराची चकतीही ढकलावी लागते. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे ओझे अधिक. दाब कमी असला की मोटरची काही पावले वाया जातात. चकत्या फिरून झाल्या की घड्याळ पुन्हा व्यवस्थित चालते, म्हणून दिवसा तुम्हाला दोष दिसत नाही.

अजिंक्यतारा

परंतु घड्याळाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग असतो, असे मी वाचले आहे. आधीच्या सेलचे १.५५ त्यामुळेच स्थिर राहिले असणार.

विश्रामबाग (रसायनशास्त्र शिकवतो)

असा भाग अनेक यंत्रणांत असतो हे खरे आहे, परंतु तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या आंदोलकासाठी असतो. मोटरला झटका मिळतो तो थेट सेलकडून. म्हणूनच सेल उतरला तरी क्वार्ट्झची चाल बिघडत नाही आणि मोटर मात्र अडखळते. शिवाय माहुली_संगम यांनी सेल बाहेर काढून मोजला होता, तेथे सर्किटचा संबंधच नव्हता. स्थिरता सेलच्या आतली आहे.

दोन्ही सेलमध्ये ऋण बाजूला जस्त असते आणि द्रावही दोन्हींत अल्कलीच असतो, त्यामुळे "अल्कलाइन" हे नाव थोडे फसवे आहे. फरक धन बाजूला आहे. एकात सिल्व्हर ऑक्साइड असते, दुसऱ्यात मँगनीज डायॉक्साइड.

याचे चित्र आपल्या भागात प्रत्येकाने पाहिलेले आहे. चुलीवर साधे पाणी उकळत ठेवले, तर पातेले निम्मे झाले काय आणि तळाशी वाटीभर उरले काय, तापमान एकाच जागी अडून राहते, आणि पाणी संपल्याबरोबर पातेले करपते. आता गुऱ्हाळातली काहील आठवा. उसाचा रस आटत जातो तसा तो स्वतःच बदलत जातो, आणि त्याच्या उकळण्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपासून चढत चढत गूळ उतरवायच्या वेळी ११५ अंशांच्या पुढे जाते.

सिल्व्हर ऑक्साइडचे वागणे त्या साध्या पाण्यासारखे आहे. त्याचा प्रत्येक कण एक तर ऑक्साइड असतो किंवा चांदी झालेला असतो. मधली अवस्था नसते. उरलेले ऑक्साइड कमी झाले तरी त्याचा प्रकार तोच राहतो, म्हणून दाबही तोच राहतो. त्यात भर अशी की तयार होणारी चांदी वीज उत्तम वाहते, त्यामुळे सेल निम्मा वापरला गेला तरी त्याची ताकद खचत नाही. शेवटचे ऑक्साइड किंवा शेवटचे जस्त, जे आधी संपेल ते संपले की दाब कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. मँगनीज डायॉक्साइड हे काहिलीतल्या रसासारखे आहे. त्याच्या कणात हायड्रोजन शिरत जातो, कण तोच राहतो पण त्याची घडण हळूहळू बदलते, आणि त्याबरोबर दाब उतरत जातो.

म्हणून मीटरवरचे १.५५ हे "अजून थोडे तरी शिल्लक आहे" एवढेच सांगते. किती शिल्लक आहे, हे त्यातून कळत नाही.

मेणवली

काहिलीत तापमान चढते आणि सेलमध्ये दाब उतरतो, मग उदाहरण उलटे झाले नाही काय?

विश्रामबाग

दिशा उलटी आहे, हे मान्य. एक जागी अडलेला आहे आणि दुसरा सतत सरकतो आहे, एवढ्यापुरतेच ते घ्यावे.

माहुली_संगम

हे समजले. परंतु १.३४ व्होल्ट कमी आहेत काय? कृष्णाकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे मोटरची ताकद कमी पडते, मग मीटर तसे का दाखवत नाही?

कृष्णाकाठ

कारण मीटर सेलकडून जवळजवळ काहीच घेत नाही. बैल गाडी ओढू शकेल की नाही, हे त्याला गोठ्यात उभा पाहून कळत नाही. मोटरच्या वेटोळ्याचा रोध बहुतेक घड्याळांत दोन किलोओहमच्या आसपास असतो. तुम्ही २.२ किलोओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही बाजूंना लावून, दोन-तीन सेकंदांत वाचन घेऊन तो लगेच काढा. सेल प्लास्टिकच्या चिमट्याने धरा. लोखंडी चिमटा दोन्ही बाजूंना टेकला तर सेल शॉर्ट होईल.

माहुली_संगम

केले. रेझिस्टर लावल्याबरोबर १.३४ वरून १.१९ झाले.

कृष्णाकाठ

मग संशय उरला नाही. तारीख-वाराच्या चकत्यांसह घड्याळ ओढायला १.१९ पुरणार नाही. हा सेल आजच काढून ठेवा. उतरलेला अल्कलाइन घड्याळात राहिला की पाझरतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा घड्याळांत सेलला टेकणाऱ्या पट्टीवर पांढरी बुरशीसारखी खपली असते. ती पुसता येते. पण तो द्राव वेटोळ्यापर्यंत पोहोचला, तर केसाहून बारीक तांब्याची तार तुटते आणि पूर्ण यंत्रणाच बदलावी लागते.

विश्रामबाग

हिशेब करून पाहिला, तो थोडा खटकतो. यंत्रणा सरासरी १.२ मायक्रोअँपिअर घेते असे धरले, तर सात महिन्यांत सुमारे सहा मिलिअँपिअर-तास खर्च होतात. चांगल्या ३७७ मध्ये २८ च्या आसपास साठा असतो, म्हणजे तो दोन वर्षे आठ महिने चालायला हवा. या आकाराच्या अल्कलाइनमध्ये साठा कमी असतो, तरीही सहा फार थोडे आहेत. म्हणजे सेलमध्ये बराच माल शिल्लक आहे आणि घड्याळाला तो वापरता येत नाही, किंवा सेल दुकानातच जुना झाला होता.

अजिंक्यतारा

किंवा तेल वाळल्यामुळे घड्याळ १.२ पेक्षा जास्त घेत आहे. मी तेच म्हणत होतो.

कृष्णाकाठ

हा मुद्दा योग्य आहे. काही यंत्रणा पाऊल चुकले की मोठा झटका देतात, आणि तेव्हा खर्च वाढतो. मात्र नवा सेल घालून पाहण्याआधी त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

माहुली_संगम

आज एस आर ६२६ एस डब्ल्यू आणला. पहिल्या दुकानात "दोन्ही एकच, उगाच महाग कशाला घेता" असे ऐकावे लागले. दुसऱ्या दुकानात मिळाला. नुसता १.५८, रेझिस्टर लावून १.५५. काटा पुन्हा एकेक सेकंदाने सरकतो आहे. चार रात्री झाल्या, एकही मिनिट मागे पडलेले नाही. आता हा कधी संपेल हे आधी कसे ओळखावे?

कृष्णाकाठ

मीटरने ओळखता येणार नाही. मागच्या झाकणाच्या आतील बाजूस बारीक मार्करने तारीख लिहून ठेवा. आम्हीही तेच करतो. दोन वर्षे झाली की काट्यावर लक्ष ठेवा, आणि तो उड्या मारू लागला की त्याच आठवड्यात बदला.

मेणवली

३७७ ऐवजी ३७६ चालतो काय? आमच्या दुकानात तोच आहे.

कृष्णाकाठ

आकार तोच आहे आणि तोही सिल्व्हर ऑक्साइडच आहे, पण तो दिवा किंवा गजर असलेल्या, मधूनच जास्त वीज घेणाऱ्या घड्याळांसाठी आहे. त्यातला पोटॅशियमचा द्राव ३७७ मधल्या सोडियमच्या द्रावापेक्षा लवकर पाझरतो. साध्या काट्यांच्या घड्याळात मी घालत नाही.

विश्रामबाग

मी सहा वर्षे घालतो आहे, एकदाही पाझरलेला नाही.

कृष्णाकाठ

तुमचे एक घड्याळ आहे, सर. माझ्याकडे महिन्याला शेकडो येतात.

माहुली_संगम

एक गोष्ट राहिलीच. हिशेबाप्रमाणे दोन वर्षे आठ महिने होतात, परंतु माझा आधीचा सेल तीन वर्षे दोन महिने चालला. मग घड्याळ १.२ पेक्षा कमीच घेत असणार ना? तसे असेल तर अजिंक्यतारा यांच्या तेलाचे काय?