शब्दचर्चा: ‘कलर कास्ट’ म्हणजे ‘झाक’? मग खिडकी आणि बल्ब एकाच क्लिपमध्ये असले तर काय म्हणायचं?

उंबरठा
सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसवून चार मिनिटांची क्लिप काढली, फोनवर. तिच्या डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला भिंतीवर पिवळा एलईडी बल्ब. दुपारचे चार, बाहेर ढगाळ. आता बघतोय तर डावा गाल निळसर आणि उजवा गाल हळदीसारखा दिसतो. दुरुस्त करायला घेतलं की एक गाल सुधारतो आणि दुसरा आणखी बिघडतो.

हे सगळं मी मराठीत लिहून ठेवतोय, कारण आमच्या गटातल्या चारपाच जणांना असंच चित्रीकरण करायचं आहे. ‘कलर कास्ट’ला मी ‘रंगदोष’ लिहिलं, पण ते मनाला पटत नाही. तुम्ही काय म्हणता?

सोनचाफा
रंगदोषासाठी आधी डोळे तपासून घ्या. माझ्या भाच्याला लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, ते फार उशिरा कळलं. आजींना हा त्रास आत्ताच सुरू झाला असेल तर मोतीबिंदूही असू शकतो.

उंबरठा
नाही हो ताई, आजीचे डोळे ठीक आहेत. दोष चित्रात आहे. पण तुमच्या उत्तरावरून एक नक्की कळलं, की ‘रंगदोष’ वाचल्यावर माणसाला डोळ्यांचा आजारच आठवतो. तो शब्द बाद.

शब्दवेल्हाळ
‘झाक’ हा घरचा शब्द आहे. ‘हिरवट झाक’, ‘निळसर झाक’ आपण रोज म्हणतो. छटा ही त्या वस्तूची स्वतःची असते आणि झाक तिच्यावर वरून येते. कास्ट म्हणजे तेच. आणि उपायही सोपा आहे: बल्ब 2700 केल्विनचा, ढगाळ उजेड 6000 चा धरा, दोन्हींच्या मधोमध 4350 वर व्हाइट बॅलन्स ठेवा. झाक निम्मी निम्मी होईल.

जिलेटीन
मी तीस वर्षं सेटवर दिवे लावले आहेत, म्हणून थोडं लांबून सांगतो.

शब्दवेल्हाळ, ‘झाक’ चांगला शब्द आहे, पण एकाच उजेडाच्या खोलीसाठी. सगळ्या चित्रावर एकच पिवळी झाक असेल तर व्हाइट बॅलन्सने ती निघते, कारण व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळा रंग अख्ख्या चौकटीत एकाच प्रमाणात कमीजास्त करणं. इथे चौकटीत दोन उजेड आहेत आणि प्रत्येकाची हद्द वेगळी. तुम्ही उजव्या गालासाठी निळा वाढवलात तर तो डाव्या गालावरही वाढणार. उंबरठा यांना जे दिसतंय ते हेच. ‘झाक काढायची’ म्हटलं की हात आपोआप त्या एका स्लायडरकडे जातो, म्हणून या प्रसंगाला तो शब्द नको असं माझं मत आहे.

मधोमध ठेवण्याबद्दल: केल्विनमध्ये साधी सरासरी काढू नका. आकडा लहान असतो तिथे थोड्या फरकानेही रंग खूप बदलतो, मोठ्या आकड्यांत तेवढाच फरक जाणवतही नाही. म्हणून दहा लाखाला केल्विनने भागून जो आकडा येतो त्याची सरासरी काढतात. 2700 चा येतो 370, 6000 चा 167, मध्य 268, म्हणजे परत केल्विनमध्ये साधारण 3700. तुमच्या 4350 वर बल्बाची बाजू चांगलीच पिवळी राहील. आणि 3700 वर ठेवलं तरी एक गाल थोडा निळा, दुसरा थोडा पिवळा, असे दोन्ही चुकीचेच राहतात. घाईच्या कामाला चालतं. आजीच्या चेहऱ्याला नाही.

शब्दवेल्हाळ
सरासरीचं मान्य, मला हे माहीत नव्हतं. पण एक विचारतो. आकडा वाढला की उजेड निळा होतो ना? मग फोनमध्ये मी आकडा वाढवतो तेव्हा चित्र पिवळं का होतं?

जिलेटीन
फोनमधला आकडा उजेडाचा रंग बदलत नाही. ‘इथला उजेड इतका निळा आहे’ असं तुम्ही कॅमेऱ्याला सांगता. तो ते खरं मानतो आणि निळा मारायला पिवळं घालतो. म्हणून मला ‘तापमान वाढवलं’ हा शब्दप्रयोग खटकतो. बल्बाच्या बाबतीत त्याचा अर्थ एक आणि स्लायडरच्या बाबतीत नेमका उलटा. मी ‘पिवळ्याकडे नेलं’, ‘निळ्याकडे नेलं’ असंच म्हणतो. दुकानात ‘वॉर्म’ मागितला की पिवळा बल्ब मिळतो आणि ‘कूल डेलाइट’ मागितला की 6500 चा निळसर, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पैठणचीपोर
मी कोथरूडला घरून साड्या विकते, व्हिडिओ करून पाठवते. माझ्याकडे हेच होतं! पदर खिडकीकडे धरला की एक रंग, आत वळवला की दुसरा. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही दाखवली ती साडी ही नव्हेच. आणि धूपछाव साडी असली तर विचारूच नका. ती तर मुळातच उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. घडी फिरवली की रंग फिरतो.

यावरून सुचलं, या उजेडालाच ‘धूपछाव उजेड’ म्हणूया की.

उंबरठा
धूपछाव! ताई, शब्द फारच आवडला. जिलेटीन काका, आता माझ्या क्लिपचं काय करू ते सांगा. पुन्हा चित्रीकरण होणं अवघड आहे, त्या ओव्या तिने तशा पुन्हा म्हटल्या नाहीत. रंग दुरुस्त करायला माझ्याकडे `DaVinci Resolve` हे सॉफ्टवेअर आहे.

जिलेटीन
आधी ठरवा, खरा रंग कुठला मानायचा. भिंत मानू नका, जुन्या वाड्याचा चुना स्वतःच पिवळट असतो. आजीचे केस पांढरे आहेत ना? तेच तुमचा कागद. चेहऱ्याचा मोठा भाग खिडकीने उजळलेला आहे, म्हणून पहिल्या नोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात, खिडकीच्या बाजूचे केस बिनरंगी दिसेपर्यंत चित्र पिवळ्याकडे न्या. उजवा गाल आणखी हळदीचा होईल. होऊ द्या.

दुसऱ्या नोडमध्ये फक्त बल्बाची हद्द धरायची. इथे बहुतेक जण `Qualifier` घेऊन नारिंगी रंग उचलतात आणि फसतात. माणसाची कातडी स्वतःच नारिंगी असते. त्या साधनाला बल्बाचा नारिंगी आणि आजीचा नारिंगी वेगळा कळत नाही. म्हणून आधी `Power Window` ने बल्बाच्या बाजूला आकार काढा, कडा चांगली रुंद आणि मऊ ठेवा, आणि तो चेहऱ्याबरोबर फिरावा म्हणून ट्रॅक करा. मग त्या आकारात निळ्याकडे न्या, पण पूर्ण नाही. गाल डाव्यासारखा होण्याच्या अर्ध्या वाटेवर थांबा आणि उरलेला पिवळेपणा रंगाचा जोर, म्हणजे सॅच्युरेशन, थोडं कमी करून मारा. कुंकवाकडे लक्ष ठेवा. ते जांभळट दिसायला लागलं की तुम्ही पुढे गेलात.

मागची भिंत वेगळ्या नोडमध्ये, चेहरा वगळून. आणि बल्बाच्या अगदी जवळची भिंत पिवळीच राहू द्या. चौकटीत दिवा दिसतोय, त्याच्याभोवतीचा पिवळेपणा डोळ्याला खरा वाटतो. तिथेही पांढरं केलंत तर दिवा विझल्यासारखा दिसतो.

उंबरठा
केलं. केस जमले, कुंकू लालच आहे. दोन अडचणी राहिल्या. उजव्या गालाच्या सावलीत मुंग्या आल्यासारखं दिसतंय, आणि दोन मिनिटं वीस सेकंदांनंतर सगळाच रंग हळूहळू सरकतो.

जिलेटीन
मुंग्यांचं कारण असं. पिवळ्या बल्बात निळा उजेड मुळात फार थोडा असतो. सावलीत तर निळ्या रंगाचं जवळपास काहीच नोंदलेलं नाही, आणि फोनने फाइल दाबताना त्यातलंही टाकून दिलं. तुम्ही नसलेलं वाढवताय, म्हणून फक्त खरखर वाढते. `Parade` उघडून बघा: बल्बाच्या बाजूला निळ्याचा आलेख तळाला चिकटून सपाट झाला असेल तर तिथे परत आणण्यासारखं काही नाही. त्या सावलीला निळं घालू नका, रंगाचा जोर उतरवा आणि थोडी काळीच राहू द्या.

रंग सरकतो तो ऑटो व्हाइट बॅलन्समुळे. ढग हलला किंवा आजी पुढे झुकली, फोनने पुन्हा अंदाज बांधला. जिथे सरकायला सुरुवात होते तिथे एक कीफ्रेम, जिथे थांबतो तिथे दुसरी, आणि दुरुस्ती त्या दोघांमध्ये फक्त पहिल्या नोडवर बदला. केसांवरच नजर ठेवा.

पुढच्या वेळी व्हाइट बॅलन्स लॉक करा आणि बल्ब बंद करा. उजेड कमी पडला तर उजव्या बाजूला पांढरी चादर धरा, खिडकीचाच उजेड परत येईल. दिवा हवाच असेल तर कूल डेलाइट बल्ब लावा. सेटवर आम्ही उलटं करायचो, खिडकीच्या काचेला नारिंगी जिलेटीन पेपर लावायचो. तो जवळपास निम्मा उजेडही अडवतो, त्यामुळे खिडकी पांढरीफटक होत नाही. पण घरात एवढं कोण करणार.

पैठणचीपोर
मी कूल डेलाइट बल्बच लावलेत, तरी मोरपंखी साडी खिडकीपासून लांब नेली की किंचित हिरवी होते.

जिलेटीन
ताई, निळा-पिवळा जुळला तरी हिरवा-गुलाबी हा दुसरा हिशोब उरतो. स्वस्त एलईडीत पुष्कळदा हिरवा थोडा जास्त असतो. तो `Tint` ने गुलाबीकडे नेऊन मारतात, पण तुमच्याकडे खिडकीही चौकटीत आहे, मग ती गुलाबी होईल. आणि दुरुस्तीनंतर कुठला मोरपंखी खरा हे पडद्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. साड्यांसाठी मी दिवे बंद करून फक्त खिडकीशी दाखवा असंच म्हणेन. खिडकीबाहेर झाड असेल तर मात्र पानांचा हिरवा आत येतो, तेही बघा.

शब्दवेल्हाळ
म्हणजे पानांचा हिरवा ही ‘झाक’, आणि खिडकी-बल्ब हा ‘धूपछाव’. असं वेगळं ठेवू.

जिलेटीन
धूपछावबद्दल एक शंका आहे माझी. साडीत दोन धागे शेवटपर्यंत वेगळे असतात, उसवता येतात. आजीच्या नाकाच्या शेंड्यावर दोन्ही उजेड एकमेकांत मुरले आहेत. तिथे कुठलाही आकार काढा, वेगळे होत नाहीत. कडा मऊ ठेवायला सांगितलं ते त्यासाठीच.

उंबरठा
माझ्या टिपणात आता असं लिहिलंय: ‘अख्ख्या चित्रावर असेल तर झाक, खिडकी आणि दिवा दोन्ही असतील तर धूपछाव उजेड.’ नाकाजवळच्या त्या पट्ट्याला अजून शब्द मिळालेला नाही. ‘सांधा’ चालेल का?

सोनचाफा
आमच्याकडे दूध-पाणी एक झालं की ‘एकजीव’ म्हणतात.

शब्दवेल्हाळ
एकजीव म्हटलं की ते चांगलं झालं असं वाटतं. इथे तर तोच भाग सुधरत नाहीये. मी सांध्याच्या बाजूने.