मदत हवी आहे : नव्या गेमिंग पीसीसाठी विंडोजचं कोणतं लायसन्स घेऊ?

भावांनो, मागच्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका दुकानातून गेमिंग पीसी जोडून घेतला. दुकानदार म्हणाला, "विंडोज ११ प्रो टाकून देतो, ओरिजिनल की आहे, फक्त सातशे रुपये." बिलावर मात्र विंडोजची ओळच नाही. तिथंच शंका आली.

घरी येऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाकलं:

```
slmgr /dli
slmgr /xpr
```

पहिल्यात `VOLUME_KMSCLIENT` दिसलं. दुसऱ्यात कायमस्वरूपी अॅक्टिव्हेशनऐवजी मुदत संपायची तारीख आली. म्हणजे हे कंपन्यांसाठीचं लायसन्स. त्यांच्या सर्व्हरकडून ते १८० दिवसांच्या आत पुन्हा अॅक्टिव्हेट व्हावं लागतं. माझ्या घरात कसला आलाय सर्व्हर! आता गेम झकास चालतायत, पण मुदत संपली की स्क्रीनवर वॉटरमार्क येणार.

आता रीतसर घ्यायचंय, होमच पुरे. ओईएम स्वस्त पडतं, पण ते मदरबोर्डला बांधलेलं. रिटेल महाग, पण जुन्या पीसीवरून काढून नव्यावर नेता येतं. दोनेक वर्षांत मी बोर्ड आणि प्रोसेसर बदलणार, म्हणून मन रिटेलकडे झुकतंय.

दोन गोष्टी सांगा. प्रोवर होमची की थेट चालत नाही म्हणतात, मग फॉरमॅट करावंच लागेल का? डी ड्राइव्हवर गेम्सचा चारशे जीबी डेटा आहे, तो तसाच ठेवता येईल ना? आणि बोर्ड बदलल्यावर रिटेल लायसन्स कुणी पुन्हा अॅक्टिव्हेट केलंय का? मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधीच जोडून ठेवलं होतं का, तेही सांगा.