पायाभूत वर्ष बदलल्यावर निर्देशांकाची जुनी मालिका जोडताना

> नवीन पायाभूत वर्ष आल्यापासून आलेख एकदम १८० वरून १०० वर कोसळलेला दिसतो. जुने आकडे कसे जुळवायचे?

दोन्ही मालिका ज्या काळासाठी उपलब्ध आहेत, तिथेच सांधा घालायचा. समजा, नवीन पायाभूत वर्षात जुन्या मालिकेची बारा महिन्यांची सरासरी १८० आहे आणि नवीची अर्थातच १००. मग जोडगुणक १०० भागिले १८०, म्हणजे ०.५५५६. जुना प्रत्येक आकडा याने गुणा: १७१ चे ९५ होतात. सगळ्यांना एकच गुणक लागल्याने जुन्या काळातला महागाईचा दर बदलत नाही.

एकाच महिन्यावरून गुणक काढायचा मोह टाळा. निर्देशांकातल्या वस्तूंची टोपली आणि त्यांचे भार बदललेले असल्याने दोन्ही मालिकांचे हंगामी चढउतार वेगळे असतात. एखाद्या महिन्यात जुना १७६ आणि नवा ९९ असेल, तर गुणक ०.५६२५ येतो आणि जुनी सगळी रेषा सव्वा टक्क्याने वर सरकते. निर्देशांक काढणाऱ्या कार्यालयाने स्वतःचा जोडगुणक जाहीर केला असेल, तर मात्र तोच घ्या.

गुणक वेगळ्या रकान्यात कायमचा लिहून ठेवा आणि मूळ आकड्यांना हात लावू नका. नाहीतर पुढच्या अद्ययावतीकरणात आधीच गुणलेले आकडे पुन्हा गुणले जातात. पडताळणीसाठी जुन्या भागाचे वार्षिक दर तेव्हाच्या अधिकृत दरांशी ताडून पाहा. पूर्णांकनापुरता फरक चालेल.

अन्न, इंधन असे उपगट स्वतंत्र गुणकांनी जोडा, पण जोडलेल्या उपगटांची भारित बेरीज जोडलेल्या एकूण निर्देशांकाशी जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.