मदत हवी आहे: दर शनिवारी कोथिंबीर द्यायची, पेरणी कशी लावू?

गच्चीकर: दोन फूट बाय सव्वा फुटाचे सहा क्रेट आहेत. बिल्डिंगमधली पाच घरं दर शनिवारी शंभर ग्रॅमची जुडी घ्यायला तयार आहेत. सहाही एकदम पेरले की सगळं एकदम तयार होतं, पंधरा दिवसांत फुलावर येतं आणि पुढचा महिनाभर हात रिकामे. काय करावं?

वाफा: आठवड्याला एकच क्रेट पेरा. धणे रगडून दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवायचे, बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर टाकायचे. आठ-दहा दिवसांत उगवतात, सहा आठवड्यांत काढणी. सातव्या शनिवारी पहिला क्रेट उपटून त्याच दिवशी परत पेरायचा. सहा क्रेट, सहा आठवडे, साखळी बसते.

पण हिशेब बघा. एवढ्या क्रेटातून अडीचशे-तीनशे ग्रॅम निघते, म्हणजे दोन घरं, फार तर तीन. पाचांना द्यायची तर आठवड्याला दोन क्रेट, एकूण बारा लागतील. तोवर दोनच घरांना शब्द द्या. एकदा खाडा झाला की गिऱ्हाईक बाजाराकडे वळतं.

माळीबुवा: उपटता कशाला? दोन बोटं वर ठेवून कापा, परत फुटते. सहा क्रेट पुरतील.

वाफा: फुटते, पण दुसरी कापणी निम्म्यावर येते आणि ऊन वाढलं की पानांऐवजी दांडाच वर येतो. शिवाय तो क्रेट अडकून पडतो आणि पुढची पेरणी चुकते. दुसऱ्या कापणीला वरकमाई समजा, शब्द तिच्यावर देऊ नका.

हिरवाई: मीही रोपं विकते. मिरचीची रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. तीही कोथिंबिरीसारखी दाट पेरायची का?

वाफा: उलट, विरळ. ती बुरशी आहे. दाटी आणि सतत ओली माती हेच कारण. ट्रे पाण्यात ठेवून खालून पाणी द्या, वरची माती सुकू द्या. पडलेली रोपं लगेच काढा, नाहीतर शेजारची जातात. आणि सावलीतलं रोप थेट विकू नका, गिऱ्हाइकाच्या उन्हात ते मान टाकतं. आधी आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

गच्चीकर: ठीक, दोन घरांपासून सुरू करतो. उरलेल्या तिघांना पुदिना चालेल का विचारतो. उन्हाळ्यात काय पण?

माळीबुवा: हिरवी जाळी बांधा, काही होत नाही.

वाफा: जाळीने माती थंड राहते, उगवण सुधारते. पण हवाच तापली तर सहा आठवड्यांच्या आतच फुलावर येते. पाचव्याच आठवड्यात काढा, जुडी लहान निघेल. त्या महिन्यांत पुदिनाच मुख्य ठेवावा असं माझं मत. कांड्या लावल्या की कापून परत येतो, फक्त पाण्याला हयगय नको.

हिरवाई: पुदिन्याची पानं खालून पिवळी पडतात त्याचं काय?