मदत हवी आहे: इंग्रजी व्हिडिओचं मराठी डबिंग वेळेत बसत नाहीये

संत्रावाला_नागपूर
काटोलकडच्या बागायतदारांसाठी झाडाच्या खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचा दोन मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ मराठीत करतोय. एका जागी अडलोय. मूळ वाक्य 5 सेकंदांचं, पुढे 1 सेकंद शांतता. माझं वाक्य: "एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात वेगळं विरघळवून घ्यावं आणि त्यानंतर एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात भिजवून घ्यावा." वाचायला 8 सेकंद लागतात. काय करू?

मिहानवाला
सोपं आहे भाऊ. ऑडॅसिटीत Change Tempo वापर, 25 टक्के वाढव. आवाज चिरका होत नाही.

धंतोली_साउंड
चिरका होत नाही हे खरं, पण 8 चे 6.4 सेकंद होतील, म्हणजे शांतता खाऊनही पुढच्या वाक्यावर चढेल. शिवाय एवढ्या वेगात आकडे ऐकू येत नाहीत, आणि इथे आकडेच तर सांगायचे आहेत. मी 8-10 टक्क्यांच्या वर जात नाही.
हा व्हिडिओ आवाज बंद करून बघा. हात पहिल्या बादलीवरून दुसऱ्या बादलीवर कधी जातो?

संत्रावाला_नागपूर
साधारण अडीच सेकंदांवर. काडीने ढवळणं दोन्हीकडे स्पष्ट दिसतं.

धंतोली_साउंड
मग विरघळवणं, भिजवणं बोलायची गरज नाही, ते डोळ्यांना दिसतंय. असं म्हणा: "मोरचूद एक किलो, पाणी पाच लिटर. दुसऱ्या बादलीत चुना एक किलो, पाणी तेवढंच." "दुसऱ्या" हा शब्द अडीच सेकंदांवर पडला पाहिजे. तिथे खूण करून दोन तुकडे वेगवेगळे रेकॉर्ड करा. थोडं लांबलं तर पुढची शांतता घ्या, पण निम्मी सोडा.
आणि रेकॉर्डिंगपुरता कूलर बंद. घामाघूम व्हाल, पण ती घरघर नंतर पूर्ण निघत नाही.

वर्धा_रोड
माझ्या नाटकाच्या व्हिडिओतही आवाज शेवटी शेवटी मागे पडतो. हीच भानगड का?

धंतोली_साउंड
नाही. मोबाईलवर शूट केलंय ना? फ्रेम रेट कमीजास्त होत असेल. हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये Constant Framerate करून मग एडिट करा.

संत्रावाला_नागपूर
बसलं! 4.7 सेकंद. आता शेवटी शास्त्रज्ञ थेट कॅमेऱ्यात बोलतात. तिथे ओठ जुळवू की मूळ आवाज हळू ठेवून वरून मराठी घालू?

धंतोली_साउंड
मी मूळ आवाज सेकंदभर ऐकवून खाली नेईन. ओठ जुळवायचे तर निदान प, ब, म तरी मिटलेल्या ओठांवर यायला हवेत. माहितीपटाला एवढा खटाटोप कशाला?

मिहानवाला
पण दोन आवाज एकदम आले तर गावातल्या माणसाला काय समजेल? मला नाही पटत.

संत्रावाला_नागपूर
दोन्ही करून बघतो. काटोलच्या काकांना ऐकवतो, त्यांना इंग्रजी येत नाही.