शब्दचर्चा : ‘गरजेपोटी’चे घोंगडे भिजतच!

वऱ्हाडकर (घणसोली)

माझ्या कार्यालयातील एक सहकारी कोचीहून बदली होऊन नवी मुंबईत आले आहेत आणि नेटाने मराठी शिकत आहेत. घणसोली स्थानकाबाहेर पेपरवाल्याकडे टांगलेल्या अंकाचा फोटो काढून त्यांनी मला पाठवला. अंक दुमडलेला असल्याने तारीख आणि खालची बातमी दिसत नाही, मथळा तेवढा पूर्ण आहे :

*‘गरजेपोटी’चे घोंगडे भिजतच!*
*आचारसंहितेआधीचा मुहूर्त हुकला, ‘साडेबारा’वाले आक्रमक*

शब्दकोश जवळ घेऊन त्यांनी लावलेला अर्थ असा : गरजूंना वाटण्यासाठी आणलेली घोंगडी पावसात भिजली, वाटपाची शुभ वेळ टळली आणि साडेबारा वाजता आलेले लोक चिडले. मला हसू आले खरे; पण मी मूळचा अमरावतीचा असल्यामुळे घोंगडे आणि मुहूर्त एवढेच मला कळले. ‘गरजेपोटी’ आणि ‘साडेबारा’ यांचा नेमका अर्थ मलाही सांगता आला नाही. हा मथळा रोजच्या बोलण्यातल्या मराठीत कसा लिहावा?

कोशप्रेमी (नौपाडा, ठाणे)

‘भिजत घोंगडे’ म्हणजे निकाली न लागता रेंगाळत ठेवलेले काम. घोंगडे भिजले की जड होते आणि लवकर वाळत नाही, त्यावरून हा वाक्प्रचार आला असावा. ‘गरजेपोटी’ या शब्दात ‘पोट’ आहे, त्यामुळे येथे पोटापाण्यासाठी केलेल्या व्यवसायाचा, बहुधा फेरीवाल्यांचा प्रश्न असावा. साध्या मराठीत मी असे लिहीन : ‘फेरीवाल्यांचा प्रश्न सरकारने जाणूनबुजून निवडणुकीपर्यंत रखडवला.’ ‘साडेबारा’ ही बहुधा मोर्चाची वेळ असेल.

मुद्रितशोधक (वाशी)

घोंगड्याविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे, पुढचे मात्र नाही. ‘भीतीपोटी’, ‘प्रेमापोटी’, ‘रागापोटी’ या शब्दांत पोटापाण्याचा काहीही संबंध नसतो. तेथे ‘-पोटी’ म्हणजे ‘-मुळे’ किंवा ‘-च्या भरात’. वर्तमानपत्रात त्याचा आणखी एक उपयोग सतत भेटतो : ‘नुकसानभरपाईपोटी इतके रुपये’, ‘थकबाकीपोटी इतकी रक्कम’. तेथे त्याचा अर्थ ‘त्या खात्यावर’ असा होतो. नव्याने मराठी शिकणाऱ्याने हे दोन्ही उपयोग वेगवेगळे लक्षात ठेवावेत.

या मथळ्यात मात्र तो साधा शब्द राहिलेला नाही, आणि अवतरणचिन्हे नेमके तेच सांगत आहेत. उपसंपादक एखाद्या शब्दाला एकेरी अवतरणात टाकतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला सुचवायचे असते की हा शब्द येथे कोशातल्या अर्थाने घेऊ नका, या भागात त्याचा ठरलेला अर्थ आहे. नवी मुंबईत ‘गरजेपोटी’ म्हणजे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मधली. त्यानंतर शेती गेली आणि गावठाण तेवढे उरले. कुटुंबे वाढली, तशी लोकांनी गावठाणाच्या हद्दीबाहेर, कागदोपत्री संपादित झालेल्या जमिनीवर घरे बांधली. प्रशासनाच्या भाषेत ती अनधिकृत, गावकऱ्यांच्या भाषेत गरजेपोटी. ती नियमित करावीत ही जुनी मागणी आहे आणि त्याविषयी वेळोवेळी शासन निर्णयही निघालेले आहेत. मथळ्यात ‘घरे’ हा शब्द गाळलेला आहे, कारण येथील वाचकाला तो लागत नाही. आपल्या कोचीच्या मित्रांना नेमका तोच लागतो.

वऱ्हाडकर (घणसोली)

आता उलगडा झाला. मग ‘साडेबारा’वाले कोण?

तळवलीकर

आम्ही. माझ्या आजोबांची भातशेती गेली, म्हणून अधिकाराने लिहितो. साडेबारा म्हणजे साडेबारा टक्के : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले आणि ज्यात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्यातून ही मागणी पुढे आली. ती अमलात यायला १९९० उजाडले.

आकडा ऐकायला साडेबारा असला, तरी हातात तेवढे पडत नाही. एका एकराचे चाळीस गुंठे धरा. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्क्यांची, म्हणजे दीड गुंठ्याची कपात होते आणि शेतकऱ्याच्या वाट्याला पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे येतात. म्हणून गावात ‘पावणेचार’ हादेखील स्वतंत्र शब्द आहे. आणखी एखाद्या फोटोत ‘पावणेचारचे काय झाले?’ असे दिसले, तर आपल्या मित्रांनी घड्याळाकडे पाहू नये.

एक आक्षेप मात्र नोंदवतो. ‘साडेबारावाले’ हा शब्द आम्ही स्वतःसाठी वापरत नाही. आम्ही प्रकल्पग्रस्त, किंवा भूमिपुत्र. ‘वाले’ लावले की भाजीवाले, भंगारवाले यांच्या पंक्तीला बसवल्यासारखे वाटते.

मुद्रितशोधक (वाशी)

मथळ्यात जागेची मारामारी असते, हे मी अनेक वर्षे भोगले आहे. ‘प्रकल्पग्रस्त’ हा जोडाक्षरांचा लांबलचक शब्द दोन स्तंभांच्या मथळ्यात बसवताना ओळ तुटते, म्हणून ‘साडेबारावाले’ सुचले असणार. तरीही तळवलीकरांचा आक्षेप मला रास्त वाटतो. साध्या मराठीत लिहिताना जागेची अडचण नसते, त्यामुळे तेथे ‘प्रकल्पग्रस्त’ हाच शब्द यावा.

सीवूड्सकर ताई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही गावठाणालगतच्या चार मजली इमारतीत घर पाहिले होते. दलालाने ‘साडेबाराचा प्लॉट आहे, काळजीच नको’ असे सांगितले आणि बँकेने कर्ज नाकारले. या बातमीचा अर्थ ती इमारत आता नियमित होणार नाही, असा घ्यायचा का?

तळवलीकर

ताई, मथळ्यावरून तसा अर्थ निघत नाही. पण आपल्या अनुभवामुळे मूळ प्रश्न मात्र अधिक स्पष्ट होतो. साडेबाराचा भूखंड आणि गरजेपोटी घर या दोन भिन्न गोष्टी आहेत. साडेबाराच्या भूखंडाला वाटपपत्र आणि भाडेपट्टा करार असतो, त्यावर परवानगी घेऊन इमारत उभी राहते आणि त्यातील घर रीतसर विकत घेता येते. गरजेपोटी घराखाली असा भूखंडच नसतो. दलाल मंडळी दोन्हींना बिनदिक्कत ‘साडेबारा’ म्हणतात. आपण त्या वेळी वाटपपत्र मागितले असते, तर तेथेच उलगडा झाला असता. आमच्याच काही लोकांनी ‘गरजेपोटी’च्या नावाखाली विक्रीसाठी मजले चढवले, हेही मी नाकारत नाही.

कोशप्रेमी (नौपाडा, ठाणे)

फेरीवाल्यांचा मुद्दा मी मागे घेतो. पण ‘सरकारने जाणूनबुजून रखडवला’ हा अर्थ ‘भिजत घोंगडे’ या वाक्प्रचारातच नाही का? घोंगडे आपोआप थोडेच भिजते?

मुद्रितशोधक (वाशी)

येथे क्रियापदाकडे पाहावे लागेल. ‘घोंगडे भिजत ठेवले’ असे म्हटले, तर ठेवणारा कोणीतरी असतो आणि त्याच्यावर ठपका येतो. ‘घोंगडे भिजतच’ यात ‘आहे’ हे क्रियापद गाळलेले आहे आणि कर्ता मुळातच नाही. ‘मुहूर्त हुकला’ यातही तीच खुबी आहे : कोणी हुकवला, हे सांगितलेले नाही. उपसंपादकाकडे ठपका ठेवण्याइतकी माहिती नसते किंवा ती असूनही त्याला सावध राहायचे असते, तेव्हा तो अशीच अकर्मक क्रियापदे निवडतो. साध्या मराठीत आणताना आपण ‘सरकारने मुद्दाम’ असे घातले, तर मूळ मथळ्याने टाळलेला आरोप आपण केला, असे होईल. उद्गारचिन्हात थोडा उपरोध आहे, तो ‘अजूनही’ या शब्दाने पुरेसा येतो. ‘भिजतच’मधला ‘च’ तेच काम करतो आहे.

मुहूर्ताचेही सांगतो. मथळ्यातील मुहूर्त म्हणजे पंचांगातला नव्हे. अपेक्षित असलेला निर्णय, उद्घाटन किंवा भूमिपूजन यांची वेळ. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागू होते आणि मतदारांवर प्रभाव पडेल असे नवे निर्णय सरकारला जाहीर करता येत नाहीत. त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत निर्णयांची झुंबड उडते आणि यादीत ज्यांचा विषय आला नाही, ते निवडणूक पार पडेपर्यंत ताटकळतात. बाहेरून आलेल्या वाचकाला आचारसंहिता ठाऊक असते, पण तिच्या ‘आधी’ला येथे एवढे वजन का, हे कळत नाही.

राहिला ‘आक्रमक’. मथळ्यातील आक्रमक माणूस कोणावर चाल करून गेलेला नसतो. त्याने निवेदन दिले असेल, बैठकीत आवाज चढवला असेल किंवा मोर्चाचा इशारा दिला असेल. खालची बातमी दिसत नाही, म्हणून यातले नेमके काय घडले ते सांगता येणार नाही.

वऱ्हाडकर (घणसोली)

सर्वांचे ऐकून मी पुढील मसुदा केला आहे :

‘नवी मुंबईच्या गावांतील लोकांनी राहण्याची गरज म्हणून गावठाणाबाहेर बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न अजूनही सुटलेला नाही. निवडणूक जाहीर होण्याआधी त्यावर निर्णय होईल अशी अपेक्षा होती, पण तो झाला नाही. त्यामुळे ज्यांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या, ते प्रकल्पग्रस्त संतापले असून आंदोलनाच्या तयारीत आहेत.’

मुद्रितशोधक (वाशी)

‘आंदोलनाच्या तयारीत आहेत’ हे काढावे, ते मथळ्यात नाही. ‘संतापले आहेत आणि त्यांनी कडक भूमिका घेतली आहे’ येथे थांबावे. त्याशिवाय फोटोत तारीख नसल्याने ही कोणती निवडणूक आणि कोणता अपेक्षित निर्णय, हे कळत नाही, अशी टीप मित्रांना जरूर द्यावी. हा मथळा गेल्या अनेक वर्षांतील कोणत्याही निवडणुकीआधी खपला असता.

तळवलीकर

मसुद्याच्या पहिल्या वाक्याला माझी हरकत आहे. ‘गावठाणाबाहेर बांधलेली’ असे म्हटले की चूक गावकऱ्याची ठरते. आमचे म्हणणे असे, की कुटुंबे वाढत असताना गावठाणाची हद्द वाढवायला हवी होती, ती वाढवली गेली नाही, म्हणून घरे बाहेर पडली. ‘वाढीव गावठाणातील घरे’ असे लिहावे.

मुद्रितशोधक (वाशी)

आपली भावना मला कळते, पण ‘वाढीव गावठाण’ असे लिहिले तर ती हद्द सरकारने मान्य केली आहे, असा वाचकाचा समज होईल. आणि वाद तर नेमका त्याच हद्दीचा आहे. ‘मूळ गावठाणाच्या हद्दीबाहेर’ असे म्हटले, तर निदान ‘मूळ’ या शब्दात आपल्या म्हणण्याला जागा राहते.

तळवलीकर

‘मूळ’ चालेल. ‘बाहेर’ अजूनही खटकते.