अत्तदीपा: अट्ठकथेने सांगितलं की विषय संपला?

प्रबुद्धवाचक
विहारांच्या भिंतींवर, लग्नपत्रिकांवर, गाड्यांच्या काचांवर ‘अत्त दीप भव’ लिहिलेलं असतं आणि शेजारी पणती काढलेली असते. साफ चूक आहे ही. पाली टीकाकार बुद्धघोषांनी दीघनिकायावरच्या अट्ठकथेत, म्हणजे सुमंगलविलासिनी या टीकाग्रंथात, स्वच्छ लिहून ठेवलंय की इथे दीप म्हणजे समुद्रातलं बेट. अट्ठकथेने अर्थ दिला की विषय संपला. पणत्या पुसून टाका.

पिंपळपान
बेट बरोबर आहे. ‘विषय संपला’ हे मात्र झोंबलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुम्ही महापरिनिब्बानसुत्तावरची ओळ धरलीत: ‘महासमुद्दगतदीपं विय अत्तानं दीपं पतिट्ठं कत्वा विहरथ’. ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा’ हेच बुद्धवचन दीघनिकायातल्या चक्कवत्तिसीहनादसुत्तातही आहे. तिथली अट्ठकथा काढून बघा. अट्ठकथाकार स्वतःच प्रश्न विचारतात, ‘को पनेत्थ अत्ता नाम?’ आणि स्वतःच उत्तर देतात, ‘लोकियलोकुत्तरो धम्मो’. म्हणजे त्यांच्या मते इथला ‘अत्त’ म्हणजे आपण स्वतः नाही, तर धम्म. दीपाचा अर्थ डोळे मिटून घेणार असाल तर हाही घ्यावा लागेल. घेणार का?

प्रसंग आठवा. बेलुवगाव, शेवटचा वर्षावास. भगवान दुखण्यातून नुकते उठलेत. आनंद म्हणतात, संघाविषयी काही सांगितल्याशिवाय तुम्ही जाणार नाही, एवढाच मला धीर होता. त्यावर भगवान म्हणतात, आता संघाला माझ्याकडून आणखी काय हवंय? आणि मग हे वाक्य येतं. इथला ‘अत्त’ आपल्या ‘आपण’सारखा साधा शब्द आहे. अट्ठकथाकारांना शब्द अडला नव्हता, सिद्धांत अडला होता. अनत्त, म्हणजे ‘आत्मा नाही’, असं शिकवणारे बुद्ध अत्ताला शरण जायला कसे सांगतील, ही त्यांची धास्ती. म्हणून अर्थ हळूच धम्माकडे वळवला. सुत्ताला तशी गरज नाही, कारण पुढच्याच ओळीत ‘कथञ्च, आनन्द, भिक्खु अत्तदीपो विहरति’ असं विचारून सुत्तच खुलासा करतं, आणि तो खुलासा चार सतिपट्ठानांचा, म्हणजे जागरूकतेच्या साधनेचा आहे.

म्हणजे एकाच समासाच्या दोन पदांवर दोन टीपा. दीपावरची टीप मी घेतो, कारण तिच्या बाजूने अट्ठकथेबाहेरचे साक्षीदार आहेत. धम्मपदाची २५ वी गाथा बघा: ‘दीपं कयिराथ मेधावी यं ओघो नाभिकीरति’. पुराने बुडत नाही ते बेट असतं, दिवा नव्हे. संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रात तर सरळ ‘आत्मद्वीप’ आहे, व सकट. अत्तावरच्या टीपेला असा बाहेरचा साक्षीदार मला सापडत नाही, म्हणून ती मी थेरवादी परंपरेचं मत म्हणून वाचतो, शब्दार्थ म्हणून नाही.

सुनंदाताई_नागपूर
शिकलेल्या लोकांनी आमच्या भिंती पुसायचा बेत केलेला दिसतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात ही ओळ माझ्या वडिलांनी लिहिली. ते गिरणीत होते, पाली त्यांना कोणी शिकवली नव्हती. एका पुस्तिकेत वाचलं, चुन्याच्या भिंतीवर निळीने लिहिलं आणि खाली पणती काढली. माझी आई त्या पणतीकडे बोट दाखवून मला म्हणायची, आपला उजेड आपण व्हायचं. त्या एका वाक्यावर मी डी.एड. केलं. आता तुम्ही म्हणता ते बेट होतं. आमच्या लेकरांनी बेट कुठे बघायचं? आणि बुद्धघोष कोण लागून गेले आम्हाला सांगणारे? श्रीलंकेतल्या अनुराधपुरात बसून पाचव्या शतकात लिहिणारा माणूस, भगवानांनंतर किती शतकं झाली तोवर?

पिंपळपान
ताई, पणती पुसा असं मी म्हटलेलं नाही, ते वर मूळ पोस्टमध्ये आहे. आईंनी सांगितलेला अर्थ तुमच्या आयुष्यात खरा ठरला, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही.

पण बुद्धघोषांवरचा आक्षेप पूर्ण मान्य नाही. त्यांनी हे अर्थ आपल्या मनाने रचले नाहीत. महाविहारात सिंहली भाषेतल्या जुन्या अट्ठकथा होत्या, त्या त्यांनी पालीत आणल्या. म्हणजे पुस्तक पाचव्या शतकातलं असलं तरी आतली टीप बरीच जुनी असू शकते. कुठली टीप किती जुनी, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं. म्हणून सरसकट फेकून देणंही चूक.

चैत्यगवाक्ष
पिंपळपान, साक्षीदार मोजताना तुम्ही आपल्या सोयीचे तेवढेच मोजलेत. चिनी दीर्घागमाचं, म्हणजे दीघनिकायाशी समांतर संग्रहाचं, भाषांतर इ. स. ४१३ चं. म्हणजे बुद्धघोषांच्या काळाच्या आसपासचं, किंबहुना थोडं आधीचंच. त्यात याच जागी ‘स्वतःला प्रज्वलित करा’ अशा अर्थाचे शब्द आहेत. तिथल्या भाषांतरकारांनी दिवाच ऐकला होता. तेव्हा पणती ही नागपूरच्या भिंतीवरची चूक नाही, सोळाशे वर्षांपूर्वीचं वाचन आहे. पालीत दीप आणि द्वीप दोन्हींचा ‘दीप’ होतो. ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ वाजत असणार.

पिंपळपान
हा मुद्दा मी सोडायला नको होता. दिव्याचं वाचन जुनं आहे, मान्य. पण दुसऱ्या चिनी आगमात, संयुक्तागमात, बेटच आहे, आणि ‘सरण’ हा शब्द शेजारी असताना आसऱ्याची जागाच बसते. दोन्ही अर्थ मुद्दाम योजले होते, एवढ्या लांब मी येणार नाही.

गोरस
सगळे बेटावर बसलेत, खरा प्रश्न कोणी घेत नाही. चुंदाने भगवानांना शेवटच्या जेवणात वाढलेल्या सूकरमद्दवाचं काय? अट्ठकथा तिथे डुकराचं मांस म्हणते. आम्ही शाकाहारी कुटुंबातले उपासक. माझ्या सासऱ्यांशी या एका शब्दावरून दोन वर्षं अबोला होता. सूकरमद्दव म्हणजे अळंबी, हे अट्ठकथेतच आहे, मी वाचलंय.

प्रबुद्धवाचक
अळंबी कुठेही नाही. ‘नातितरुणस्स नातिजिण्णस्स एकजेट्ठकसूकरस्स पवत्तमंसं’, फार कोवळ्या नाही, फार म्हाताऱ्या नाही अशा डुकराचं मांस. विषय संपला.

गोरस
तुमचे सगळे विषय संपलेलेच असतात. माणसाला खोटं पाडायची एवढी घाई का?

प्रबुद्धवाचक
खोटं पाडत नाही, वाचून दाखवतोय. शाकाहार आधी ठरवायचा आणि मग शब्द त्यात कोंबायचा, हे किती दिवस चालणार?

पिंपळपान
थांबा दोघेही. दोघांनी अर्धं अर्धं वाचलंय. प्रबुद्धवाचक, तुम्ही दिलेल्या वाक्याच्या पुढचं वाक्य का सोडलंत? ‘तं किर मुदुञ्चेव सिनिद्धञ्च होति’. त्यातला ‘किर’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. ते मऊ आणि स्निग्ध असतं म्हणे. लिहिणाऱ्याने ते पाहिलेलं नाही, चाखलेलं नाही, ऐकीव सांगतोय. त्यानंतर काही प्रतींत ‘एके भणन्ति’ येतं: मऊ भात गोरसात शिजवायच्या एका रीतीचं हे नाव. मग ‘केचि भणन्ति’: हे एक रसायन, म्हणजे शक्तिवर्धक औषध, भगवानांचं परिनिब्बान होऊ नये म्हणून चुंदाने केलेलं. एका शब्दाला तीन अर्थ. परंपरेला शब्द नीट माहीत असता तर एक अर्थ देऊन ती मोकळी झाली असती.

गोरस, तुमची अळंबी या अट्ठकथेत नाही, उदानाच्या अट्ठकथेत आहे, धम्मपालांच्या. तिथेही आधी मांसच येतं, महाअट्ठकथेचा, म्हणजे सिंहलीतल्या जुन्या मुख्य अट्ठकथेचा, हवाला देऊन. मग काहींच्या मते डुकरांनी तुडवलेले बांबूचे कोंब, इतरांच्या मते डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अळंबी, आणि शेवटी पुन्हा रसायन. म्हणजे ‘अट्ठकथा अळंबी म्हणते’ हेही खरं नाही. अट्ठकथा म्हणते, ‘काही जण अळंबी म्हणतात’.

आणि एक खटकणारी गोष्ट. डुकराच्या मांसाला तिपिटकात सरळ ‘सूकरमंस’ हा शब्द आहे. अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात उग्ग गृहपती भगवानांना तेच देतो, बोरं घालून शिजवलेलं, आणि ते स्वीकारतात. मग चुंदाच्या घरी हा आडवळणाचा शब्द का? मद्दव म्हणजे मऊपणा. डुकराचा मऊ भाग, की डुकरांना आवडणारं काही मऊ, हे समास सांगत नाही.

गोरस
मग तुमचं मत काय? सरळ सांगा.

पिंपळपान
मांसाकडे पारडं झुकतं, कारण ते महाअट्ठकथेत होतं आणि ती सगळ्यात जुनी. पण मी ते पैजेवर सांगणार नाही. एवढं नक्की की उग्गाची गोष्ट पाहता ‘बुद्ध मांस घेत नसत’ हे या शब्दावरून सिद्ध होत नाही, आणि भगवान डुकराच्या मांसाने गेले हेही होत नाही.

गोरस
सासऱ्यांना दाखवते. अबोला मिटेल असं वाटत नाही.

एमए_भाग_दोन
माझा अनुभव सांगतो. परीक्षेत ‘अरहं’ या बुद्धाच्या विशेषणाचा अर्थ विचारला होता. मी लिहिलं, अर्ह् धातू, योग्य. गुण कापले. सरांचं उत्तर, ‘अरि म्हणजे शत्रू, त्यांना मारणारा तो अरहं, विसुद्धिमग्गात आहे’. मग माझं चूक कसं?

पिंपळपान
तुमचं चूक नाही. पण बुद्धघोषांचाच विसुद्धिमग्ग उघडा, तिथे एक नाही, पाच अर्थ ओळीने दिलेत: क्लेशांपासून दूर म्हणून, शत्रू मारले म्हणून, संसारचक्राचे आरे मोडले म्हणून, दानाला पात्र म्हणून आणि गुपचूप पाप करत नाहीत म्हणून. तुमचा ‘योग्य’ चौथ्यात बसतो. बाकीचे अर्थ शब्दाच्या आवाजावरून काढलेत, अनुस्सती, म्हणजे बुद्धाच्या गुणांचं स्मरण, करताना मनाने एकेक गुण धरावा म्हणून. ध्यानाला ते उपयोगी आहेत. व्युत्पत्ती म्हणून लिहिले की फसगत होते. सरांनी पाचातला एक उचलला आणि त्याला धातू समजले.

प्रबुद्धवाचक
ठीक. ‘विषय संपला’ मागे घेतो. चक्कवत्तिसीहनादाची अट्ठकथा मी पाहिली नव्हती, आज पाहिली, तुम्ही म्हणता तसंच आहे. पण ‘भव’ तरी चूक आहे हे मान्य करा. सुत्तात ‘अत्तदीपा विहरथ’ आहे, अनेकवचन. ‘अत्त दीप भव’ सुत्तात नाही.

पिंपळपान
हे शंभर टक्के मान्य.

सुनंदाताई_नागपूर
मी सगळं वाचलं. राग पूर्ण गेला असं नाही. पण वैशाख पौर्णिमेआधी विहाराला रंग द्यायचा आहे आणि वडिलांची ओळ तशीही निम्मी पोपडे येऊन पडली आहे. सुत्तातली पूर्ण ओळ कोणी नीट टाइप करून द्या. पणती राहणार, ती मी कोणाला काढू देणार नाही.

पिंपळपान
अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा.

ताई, पेंटर ‘अनञ्ञ’चं ‘अनन्य’ करेल, त्याच्याजवळ उभ्या राहा.

चैत्यगवाक्ष
आणि पणतीखाली पाण्याच्या दोन लाटा काढायला सांगा. दीर्घागमवाले आणि संयुक्तागमवाले दोघेही येऊन बसतील.

सुनंदाताई_नागपूर
लाटांचं भावाला विचारते. पेंटर तोच ठरवतो.